शेवटचा शब्द काकांचा

भाचीनं लिहिलेला इंग्रजी मजकूर जेमतेम दहा ओळींचा होता. दादा-वहिनींच्या लग्नाला 40 वर्षं झाली, त्या कार्यक्रमात तो तिला म्हणायचा होता. ती धाकट्या भावाची मुलगी, लहानपणापासून इंग्लंडात वाढलेली. मराठी बोलते, पण लिहायला बिचकते. म्हणाली, "आत्या, याचं मराठी कर. आजीला कळलं पाहिजे. आणि आजी हसली पाहिजे."

पहिली अट सोपी होती. दुसरीनं मला आठवडाभर बसवलं. अर्थ पोचवला की भाषांतराचं काम झालं, असं आपण धरतो. विनोदात अर्थ पोचतो आणि हसू वाटेतच राहतं. मग हसू पोचवण्यासाठी शब्द बदलावे लागतात. ते बदलले तर ते तिचे शब्द राहतात का, आणि तिच्या तोंडी मी माझं काही घातलं तर ते खोटं ठरतं का?

आधी सोप्या ओळीचं सांगते. तिनं लिहिलं होतं की काका घरात नेहमी शेवटचा शब्द बोलतात, आणि तो शब्द म्हणजे 'येस, डिअर'. 'हो प्रिये' म्हटलं असतं तर सगळे नाटकातले संवाद ऐकल्यासारखे बघत राहिले असते. आपल्याकडचा नवरा हार मानतो तेव्हा 'बरं' म्हणतो. शब्द मिळाला, पण वाक्य बसेना. "काकांचा शेवटचा शब्द 'बरं' हा असतो." बघा, हसायचं ठिकाण 'बरं'वर आहे आणि त्याच्यामागून 'हा असतो' आलं की हसू विझतं. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जातं, आपलं शेवटी येतं. म्हणून वाक्य तोडलं : "या घरात शेवटचा शब्द काकांचाच. तो शब्द आहे... बरं." इथं मी काही घातलं नाही, फक्त मांडणी फिरवली. या ओळीवर माझं मन स्वच्छ होतं.

दुसरी ओळ जुन्या इंग्रजी विनोदाची होती. लग्नात तीन 'रिंग' असतात : एंगेजमेंट रिंग, वेडिंग रिंग आणि मग सफरिंग. याला मराठीत काही म्हणजे काही करता येत नाही. अंगठी आणि दुःख यांचा आपल्या भाषेत आवाज जुळत नाही, आणि आपल्याकडे लग्नाची खूण अंगठी नाही, मंगळसूत्र आहे. अशा वेळी दोनच वाटा असतात. ओळ गाळायची, किंवा त्याच जागी त्याच कामाची दुसरी ओळ ठेवायची. तिचं काम काय होतं? लग्नविधीतल्या एका गंभीर शब्दाला संसारातला रोजचा अर्थ चिकटवायचा. असा शब्द आपल्याकडे आहे, पाणिग्रहण. पाणि म्हणजे हात, पण कानाला ऐकू येतं पाणीच. मी लिहिलं : "चाळीस वर्षांपूर्वी काकांनी पाणिग्रहण केलं. आणि ते इतकं मनापासून केलं, की अजून खुर्चीतून न उठता म्हणतात, अगं, पाणी."

हे वाक्य भाचीचं नव्हे, माझं आहे. इथं मला सत्याणुव्रताचे अतिचार आठवले. त्यात कूटलेखक्रिया आहे. दुसऱ्यानं जे म्हटलं नाही, ते त्यानं म्हटलं असं लिहिणं. पण टीकाकारांनी तिथं एक अट घातली आहे, की ते फसवण्यासाठी असावं. म्हणजे प्रश्न शब्द बदलले का हा नाही, ते कुणाला अंधारात ठेवून बदलले का हा आहे. मी तिला फोन करून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, कुठं काय बदललं ते सांगितलं. ती खूप हसली आणि म्हणाली, "हे माझ्यापेक्षा बरं आहे, मी हेच म्हणणार." तिनं ते आपलं केलं. त्यानंतर ते उसनंसुद्धा राहिलं नाही, असं मी मानते.

खरी अडचण तिसऱ्या ओळीत होती, आणि ती भाषेची नव्हतीच. 'सूर्यास्तानंतर काका बिस्किटांचा डबा कुठं लपवतात ते मला माहीत आहे', असं तिनं लिहिलं होतं. इंग्रजीत ही लाडाची थट्टा आहे. पण आमची आई 86 वर्षांची. रात्रीभोजनत्याग ती आयुष्यभर पाळत आली आहे, आणि दादाही पाळतो असं तिला वाटतं. समोर समाजातली चार माणसं, वहिनींच्या माहेरचे चिकोडीकडचे पाहुणे. इंग्रजीत ती ओळ ज्यांना कळणार होती त्यांना ते आधीच ठाऊक होतं. मराठी केलं की ती ज्यांच्यापासून लपवलेली होती त्यांच्याच कानावर जाणार. म्हणजे एक शब्दही न बदलता, अगदी चोख भाषांतर करूनच, मी दादाचं गुपित फोडणार होते. रहोभ्याख्यान हाही त्याच व्रताचा अतिचार, एकांतातली गोष्ट चारचौघांत सांगणं. ती गोष्ट खोटी नसते, तरीही तो अतिचारच.

भाची म्हणाली, "आत्या, सगळ्यांना माहीत असतं गं." असेलही. पण माहीत असणं वेगळं आणि माइकवर ऐकणं वेगळं. माहीत असून न बोलणं हा घराघरांतला एक करार असतो. हसणाऱ्यांना त्यात काही भरावं लागत नाही, ज्याच्यावर हसतात तो भरतो. दादानं ते हसत भरलं असतं, संध्याकाळी आईसमोर मात्र त्याची मान खाली गेली असती. 'हे दादाला आधी विचार, नाहीतर काढ', असं मी तिला सांगितलं. विचारलं तर गंमत फुटणार, म्हणून तिनं ती ओळ स्वतःच बदलली : "सूर्यास्ताला दहा मिनिटं राहिली की काकांचा जेवणाचा वेग बघावा, ऑलिंपिकला पाठवतील." यावर आई सगळ्यांच्या आधी हसली, कारण ती रोज हे बघते. आणि ते आम्हा सगळ्यांनाच लागू होतं.

संबोधनाचंही ठरवावं लागलं. इंग्रजीत दोघंही 'यू'. मराठीत भाची काकांना 'तुम्ही' म्हणते, काकूला 'तू'. हा फरक मी मुद्दाम पुसला नाही. 'काकू, तू बिचारी' असं म्हटल्यावर जी जवळीक येते ती 'तुम्ही'त येत नाही, आणि काकांची थट्टा 'तुम्ही' ठेवून केली की जास्त खुलते.

ती आधी एक ओळ इंग्रजीत, मग तीच मराठीत वाचणार होती. मी नको म्हटलं. तसं वाचलं की इंग्रजीवाले आधी हसतात, आणि म्हातारी माणसं ते का हसले हे शोधत त्यांच्या तोंडाकडे बघतात. आधी सगळं मराठी, मग हवं तर इंग्रजी.

शेवटी राहिलं 'रेज युवर ग्लासेस'. टोस्ट हा शब्दच मद्यातून आलेला आहे. पूर्वी इंग्लंडात मसाला लावलेला भाजका पाव दारूत बुडवत, त्यावरून तो पडला. आमच्या घरात ते चालणार नव्हतं, आणि 'पेले उंचवा' हे तर मराठीही नव्हे. आपल्याकडे या जागी उखाणा असतो, पण तो नवराबायकोनं घ्यायचा, पुतणीनं नव्हे. मग भाचीच म्हणाली, पाणिग्रहण झालंच आहे तर पाणीच घेऊ. तिनं शेवटी म्हटलं, "आता सगळ्यांनी गाळलेल्या पाण्याचा एकेक पेला हातात घ्या. काका, आज तुमचा तुम्ही उठून आणा."

दादा उठला. जाताना म्हणाला, "बरं."