मर्यादा आणि माघार

तहसील कचेरीतील एक कारकून आपण डोळ्यांसमोर आणू या. कचेरी सुटल्यावर दफ्तर घरी न्यावयाचे नाही, हे त्याने वरिष्ठांना स्पष्ट सांगून ठरविले होते. परंतु वारसाच्या फेरफाराचा कागद समोर आला आणि त्यात मयताच्या विवाहित कन्येचे नाव गाळलेले दिसले, की तलाठ्याकडे चौकशी केल्यावाचून तो कागद पुढे सरकवीत नसे. ही मर्यादा निरोगी होय. पुढे काही महिन्यांनी, दफ्तर तेव्हाही घरी जात नव्हतेच, पण तीच उणीव डोळ्यांना दिसूनही, हरकतीची मुदत आहे, ज्याचे त्याने पाहावे, असे मनाशी म्हणून तो शेरा न मारता कागद रवाना करू लागला. आणि हे मात्र त्याने कोणालाच सांगितले नाही. ही माघार होय.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या ग्लानीची तीन अंगे वर्णिली आहेत: थकवा, कामाविषयीचे तुटलेपण आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. निव्वळ थकवा रजेने बहुधा उतरतो. तुटलेपण मात्र रजेवरून परतल्याच्या पहिल्याच दिवशी पुन्हा भेटते, कारण त्याचे मूळ पुष्कळदा श्रमांत नसून, आपल्या शेऱ्याची दखल कोणी घेत नाही, या वारंवारच्या अनुभवात असते. तेथे केवळ आणखी रजा पुरत नाही. ज्यांना तुटलेपणाची ही खूण स्वतःत आढळेल, त्यांनी दखल न घेतलेला एखादा शेरा निवडून तो वरिष्ठांपुढे लेखी मांडावा आणि उत्तर मागावे.