घोडं कुठे पेंड खातंय

२०२४च्या जुलैमध्ये एका मीटिंगमध्ये मी अगदी ठणकावून सांगितलं, की आपली कामं अडतात ती दुसऱ्या टीम्समुळे. आपण वेळेत विचारतो, ते वेळेत उत्तर देत नाहीत. समोरच्यांनी माना डोलावल्या. मी मोजलेलं काहीच नव्हतं. पण टीम लीड खात्रीने बोलला, की ऐकणाऱ्याला वाटतं यांनी मोजलं असणार. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

त्यानंतर मी मोजायला बसलो. का बसलो? आजवर मी सांगत आलो, की अडथळा शोधायचा होता म्हणून. खरं म्हणजे मला पुरावा हवा होता. पुढच्या मीटिंगमध्ये तक्ता दाखवून म्हणायचं होतं, 'बघा, मी सांगितलं नव्हतं?' शोधणं आणि सिद्ध करणं यांत जो फरक आहे, तो पुढे कुठे कुठे नडला ते आता दिसतं.

आम्ही नऊजण आहोत आणि काम जिरावर चालतं. तिकीट अडलं की त्यावर फ्लॅग लावायचा, सुटलं की काढायचा. सर्चमध्ये `Flagged = Impediment` लिहिलं, तर आज अडलेलीच तिकिटं दिसतात. सुटून गेलेली दिसत नाहीत. पण प्रत्येक तिकिटाच्या हिस्टरीत फ्लॅग लागल्याची आणि निघाल्याची नोंद वेळेसकट असते. ती अशी:

```
"created": "2024-02-09T17:42:10.000+0530",
"items": [{"field": "Flagged",
           "fromString": "",
           "toString": "Impediment"}]
```

फ्लॅग निघाला, की नव्या नोंदीत `toString`मधली किंमत `fromString`मध्ये जाते. लागल्याची एक ओळ आणि निघाल्याची एक ओळ अशी जोडी लावली, की अडलेल्या वेळेचा एक तुकडा मिळतो. जानेवारी ते जून या सहा महिन्यांत असे ९६ तुकडे निघाले.

वरच्या उदाहरणातला फ्लॅग शुक्रवारी संध्याकाळी लागला आणि सोमवारी सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी निघाला. घड्याळाने मोजलं तर ६४ तासांहून जास्त. आमच्या कचेरीच्या वेळेने, सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मोजलं तर जेमतेम दीड तास. पहिल्या फेरीत मी घड्याळानेच मोजलं होतं. चूक लक्षात आली तेव्हा दुरुस्त करायला हात जरा जड झाला, कारण घड्याळाचे आकडे दुसऱ्या टीम्सच्या विरोधात फार देखणे दिसत होते.

कारण मात्र त्या नोंदीत नसतं. ते असलंच तर फ्लॅग लावताना लिहिलेल्या कॉमेंटमध्ये असतं, आणि ती कॉमेंट त्याच माणसाने त्याच मिनिटाच्या आसपास लिहिली आहे का, ते बघून जोडावी लागते. कानबान पद्धतीतली मंडळी ही गोष्ट पूर्वीपासून कागदावर करत आली आहेत. अडलेल्या कार्डावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावायची, तिच्यावर तारीख आणि कारण लिहायचं, काम सुटलं तरी चिठ्ठी फेकायची नाही. पुरेशा साठल्या की सगळ्यांनी मिळून त्यांचे ढीग लावायचे. क्लाउस लिओपोल्ड वगैरे लोक याला ब्लॉकर क्लस्टरिंग म्हणतात. त्यात ढिगांची नावं शेवटी पडतात, चिठ्ठ्या वाचून झाल्यावर.

मी उलटं केलं. रकाने आधी आखले आणि त्यांत कॉमेंटा कोंबल्या. तेही एकट्याने, रात्री, दार लावून. 'दुसऱ्या टीमची वाट', 'रिक्वायरमेंट स्पष्ट नाही', 'टेस्ट एन्व्हायर्नमेंट बंद', 'ॲक्सेस नाही', 'इतर'. या यादीत काय नाही, हे मला तेव्हा दिसलं नाही. की दिसलं होतं?

एकूण ३१० कामाचे दिवस अडण्यात गेले होते. 'दुसऱ्या टीमची वाट' ११८ दिवसांवर, सर्वांत वर. त्याखाली 'स्पष्ट नाही' ७१, 'एन्व्हायर्नमेंट' ६४, उरलेले ५७ बाकीच्या दोन रकान्यांत. मी खूश झालो. ती खुशी कामाची अडचण सापडल्याची नव्हती, हे कबूल करायला हवं.

तक्ता पाठवून मोकळा झालो असतो. पण आमच्यात एक टेस्टर आहे, तिला बेरजा तपासायची सवय आहे. तिने विचारलं, "सर, हे ११८ किती तिकिटांचे आहेत?" २२ वेळांचे होते. आणि त्यांतल्या एकाच तिकिटाचे ५२ दिवस. बाहेरच्या एका व्हेंडरकडून सर्टिफिकेट यायचं होतं, ते येईपर्यंत तिकीट पडून राहिलं. असं सहा महिन्यांत एकदाच झालं. मला तर पुन्हा पुन्हा येणारा अडथळा शोधायचा होता. निव्वळ बेरीज केली, की एखादं जुनाट प्रकरण सगळ्या ढिगाला स्वतःचं वजन देऊन जातं. म्हणून आता मी प्रत्येक कारणापुढे तीन गोष्टी लिहितो: किती वेळा, एकूण किती दिवस, आणि तुकडे लहान-मोठे लावले तर मधला किती दिवसांचा. ते ५२ दिवस बाजूला ठेवले, पुसले नाहीत.

मग तिनेच आणखी एक दाखवलं. याच ढिगातल्या तीन तिकिटांवर फ्लॅग होता आणि हिस्टरीत त्याच काळात तिकीट पुढच्या स्टेटसला सरकलेलंही होतं. म्हणजे काम चालू झालं होतं, फ्लॅग काढायचा राहिला होता. असे १४ खोटे दिवस वजा झाले. ११८चे ५२ उरले.

आता मात्र मला कॉमेंटा नीट वाचाव्या लागल्या. तोपर्यंत मी त्या वाचल्या होत्या त्या पहिले चार शब्द बघून. 'स्पष्ट नाही' या रकान्यात १९ कॉमेंटा होत्या. त्यांतल्या १२ अशा: रक्कम परत करताना कर धरायचा की नाही, विचारलं आहे. जुन्या ग्राहकांना हा बदल लागू का, विचारलं आहे. कोणाला विचारलं आहे? मला. रिक्वायरमेंट अस्पष्ट नव्हती, प्रश्न स्वच्छ होता. उत्तर माझ्याकडे होतं किंवा मी एक फोन करून मिळवू शकत होतो. त्या १२ वेळांचे ४४ दिवस.

दुसऱ्या टीम्सच्या ढिगात आणखी ७ सापडल्या. तिथे त्या टीमने उत्तर दिलेलं होतं, बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी. ते म्हणत होते, दोन मार्ग आहेत, तुम्हाला कोणता हवा? 'कोणता हवा' हे मला ठरवायचं होतं. त्या ७ वेळांचे १८ दिवस. ज्यांच्या नावाने मी भर मीटिंगमध्ये बोटं मोडली, ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

हे सगळं एकत्र केलं, तर नवा ढीग तयार होतो: 'माझ्या उत्तराची वाट', १९ वेळा, ६२ दिवस. एन्व्हायर्नमेंट ३१ वेळा, ६४ दिवस. दुसऱ्या टीम्स उरल्या १४ वेळा, ३४ दिवस.

मग सर्वांत मोठा अडथळा कोणता? इथे मी दोन दिवस घुटमळलो. एन्व्हायर्नमेंटचे दिवस जास्त, वेळाही जास्त. म्हणजे तोच पहिला, प्रश्न मिटला. पण मधला तुकडा बघितला तर एन्व्हायर्नमेंटचा दीड दिवसाचा आणि माझा तीन दिवसांचा. मधल्या आकड्याने मी पहिला, बेरजेने दुसरा. दोन्ही मापं बरोबर आहेत. मी बेरजेचं निवडलं, आणि ते माप चांगलं म्हणून निवडलं असं छातीठोक सांगता येणार नाही. ६२ आणि ६४ मध्ये फरक तरी कितीसा? कॉमेंटा वाचताना एखादी इकडची तिकडे झाली तरी क्रम बदलतो.

मला खरा बोचला तो पुढचा भाग. आमच्याकडे रिव्ह्यूसाठी तिकीट माझ्या नावावर येतं आणि `In Review` स्टेटसला जातं. स्टेटस बदलल्याच्याही वेळा हिस्टरीत असतात. त्या काढल्या. सहा महिन्यांत ३७ तिकिटं माझ्याकडे दोन कामाच्या दिवसांहून जास्त पडून होती. त्यांतल्या एकावरही फ्लॅग नव्हता. म्हणजे माझ्या ९६ तुकड्यांत ती नव्हतीच. मी टीममधल्या सर्वांत नव्या मुलाला विचारलं, "अरे, रिव्ह्यू अडला तर फ्लॅग का नाही लावत?" तो थोडा हसला आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडे अडलंय असं लाल करून कसं लिहायचं?"

त्यावर मी काय म्हणालो? म्हणालो, "लिहायचं की, त्यात काय एवढं." अगदी सहज. मग आदल्या वर्षीचा एक प्रसंग आठवला. एकाने असा फ्लॅग लावला होता आणि मी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "प्रत्यक्ष येऊन सांगता आलं नसतं का?" आवाज चढवला नव्हता. पण नऊजणांच्या टीममध्ये असं वाक्य किती वेळा बोलावं लागतं? एकदाच पुरतं.

फ्लॅगची हिस्टरी कामाच्या अडण्याची नोंद आहे असं मी धरून चाललो होतो. ती आहे लोकांना सांगायला सोपं वाटलेल्या अडण्याची. सर्व्हर बंद पडला तर फ्लॅग लगेच लागतो, सर्व्हरला राग येत नाही. म्हणून आता फ्लॅगच्या तुकड्यांशेजारी मी स्टेटसमध्ये थांबून राहिल्याची वेळही मांडतो. या दोन याद्यांत जितकी तफावत, तितकं कुठेतरी कोणी गप्प बसलेलं आहे, असा माझा कच्चा अंदाज. कच्चाच, कारण कधी कधी रिव्ह्यू लांबतो तो काम मोठं असतं म्हणूनही.

शेवटी मीटिंगमध्ये तक्ता दाखवला. पहिल्या पानावर एन्व्हायर्नमेंट होतं. माझी ओळ दुसऱ्या पानावर, आणि तिथे पोहोचेपर्यंत वेळ संपत आली होती. क्रम मीच लावला होता. टेस्टर काही बोलली नाही, फक्त तिने ते पान थोडा वेळ तसंच ठेवायला सांगितलं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. कॉमेंटच्या सुरुवातीला 'कोणाच्या, कशाची वाट' लिहायचं, आणि माझ्या नावाच्या फ्लॅगांसाठी मी रोज अकरा आणि चार वाजता अर्धा तास बसायचं. ऑगस्टमध्ये माझ्या नावाचे फ्लॅग ९ लागले. आधी महिन्याला तीनच्या आसपास असायचे. दिवस मात्र दहावरून आठवर आले. वेळा वाढल्या त्या लोक मोकळे झाले म्हणून, असं मला वाटून घ्यायला आवडेल. `In Review`चा आकडाही काढला. दोन दिवसांहून जास्त पडून राहिलेली तिकिटं, सहा, एकावरही फ्लॅग नाही. आधीच्या सहा महिन्यांची सरासरीही साधारण सहाच होती.