ऐतखाऊ

आजी मला नावानं हाक मारायची ती फक्त चिडल्यावर. एरवी मी मुडद्या, मेल्या, नाहीतर बेणं. शाळेतून यायला उशीर झाला की चुलीपुढनंच आवाज यायचा, "कुठं उलथला हुतास रं मुडद्याऽऽ? गिळ आता." तोवर ताटात गरम भाकरी पडलेली असायची आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. मुडदा म्हणजे प्रेत. ज्याला लोणी चारून वाढवायचं त्यालाच प्रेत म्हणायचं, हे कसं? पण त्या काळी पोरं जगत नसली की दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचे. दृष्ट लागू नये म्हणून. आजीची शिवी त्यातलीच. गोड बोलायला ती भ्यायची.

ती खरी रागावली की ‘मुडद्या’मधला तो लांबवलेला ‘ऽऽ’ नाहीसा व्हायचा. पूर्ण नाव घ्यायची आणि म्हणायची, "जेवून घ्या आता." त्या ‘घ्या’नं माझ्या पोटात गोळा यायचा.

एकदा भावकीतल्या एकानं आमचा बांध कोरला. तेव्हा आजी बांधावर उभी राहून जे बोलली त्यात मुडदा नव्हता की मेला नव्हता. आवाजही चढलेला नव्हता. "तुझ्या घरावर गाढवाचा नांगर फिरंल," एवढंच म्हणाली. मला आठवतंय, तो माणूस पांढरा पडला. मी लहान होतो, पण फरक तेव्हाच ध्यानात आला. मुडद्या, बेण्या, गाढवा ही हाक असते. समोरच्यापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. खरी शिवी माणसावर थांबत नाही. ती त्याच्या घरात शिरते, आईवर जाते, जातीवर जाते, उद्याचं वाईट चिंतते.

एवढं कळल्यावर मला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. आवाज गोड असला, हसत बोललं, आईबहिणीवर गेलं नाही, की ती शिवी नव्हेच. या समजुतीत मी चाळिशी गाठली.

आमच्याकडं एक सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. असे अकरा पाडवे तो आमच्याकडं राहिला. कामाला वाघ. दुपारी आंब्याखाली भाकरी सोडायला बसलो की मी म्हणायचो, "आला बघा आमचा ऐतखाऊ." तो हसायचा, बायका हसायच्या, मीही हसायचो. मला अण्णा म्हणायचा.

त्या वर्षी माघात त्याच्या पोरीचं लग्न ठरत होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं उचल मागितली. "बघू पुढं," म्हणालो मी. नाही म्हटलं नव्हतं, बरं का. दुसऱ्या दिवशी त्याचे होणारे व्याही त्याला शोधत रानात आले. आम्ही जेवायलाच बसलेलो. मी नेहमीच्याच आवाजात, नेहमीसारखंच हसून म्हणालो, "या पाव्हणं, हा बघा आमचा ऐतखाऊ."

त्याचा हातातला घास तसाच राहिला. मग त्यानं ताटातच हात धुतला आणि उठून बैलांकडं गेला. पाव्हणे जमिनीकडं बघत बसले. रात्री मी उचलीचे पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. पोरीसाठी त्यानं ते घेतले, सालात फेडलेही. पण पाडव्याला साल धरलं नाही.

मी घरात म्हणालो, "अकरा वर्सं ह्योच शब्द ऐकत आला की. आत्ताच काय टोचलं?" शब्द तोच, आवाज तोच, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. बायको तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अकरा वर्सांत त्यानं तुम्हाला एकदा तरी उलटून शिवी दिली का?"

मी आठवत बसलो. आजी मुडद्या म्हणायची तेव्हा मी तिला थेरडे म्हणून पळायचो. मोटरीवर माझ्यासंगं रात्र काढणाऱ्या दोस्ताला मी सुक्काळीच्या म्हटलं तर तो त्याच्या दुप्पट परत करायचा. न केली तर मीच विचारलं असतं, बरं नाही का रं? या गड्यानं मात्र कधीच परत केली नव्हती. तो फक्त हसला होता. मालक हसल्यावर गड्यानं हसायचं, तेही त्याच्या कामातच धरलेलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि शब्द तरी कुठला काढला मी? मला कुणी ऐतखाऊ म्हटलं तर अंगाला लागणार नाही, माझी आठ एकर मला ठाऊक आहे. त्याच्याकडं घामाशिवाय काही नव्हतं, आणि आदल्याच दिवशी त्यानं माझ्यापुढं हात पसरला होता. मग तो शब्द त्या दिवशीच शिवी झाला, की पहिल्या दिवसापासनं होता? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पुढं दोन वर्षांनी तो बाजारात भेटला. "रामराम मालक," म्हणाला. अण्णा नाही. मी त्याला चहाला नेलं. पोरीचं विचारलं, बैलांचं सांगितलं. उठताना राहवलं नाही, म्हणालो, "लेका, आता तरी मला एक शिवी हासड की."

त्यानं बशी खाली ठेवली. "नगं मालक," म्हणाला आणि एस्टी धरायला गेला.