एका चिठ्ठीला एकच रंग

जनगणनेला आपल्याकडे पूर्वी खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. या शब्दातच जुन्या मोजणीची रीत सामावलेली आहे. गावात घरं किती, कुठल्या जातीची, कुठल्या धंद्याची, हे राज्यकर्त्याला कळायला हवं असे, कारण पट्टी कुणावर बसवायची आणि वेठीला कोण येणार हे त्यावरून ठरे. सतराव्या शतकात मारवाडच्या मुहता नैणसीने परगण्यांतली घरं जातवार लिहून काढली. मराठी राज्यातल्या अशा नोंदींकडे इतिहासकार सुमित गुहा यांनी लक्ष वेधलं आहे. म्हणजे मोजणी हे काही इंग्रजांनी आणलेलं नवं खूळ नव्हतं. मात्र साऱ्या मुलखात हिंदू किती आणि मुसलमान किती, अशी बेरीज कुणी मांडली नव्हती. ती मांडून करायचं काय, हा प्रश्नच त्या कारभाराला पडला नव्हता.

ही बेरीज 1871-72 पासून सुरू झाली. 17 फेब्रुवारी 1881 ला जवळजवळ सगळ्या देशात एकाच वेळी मोजणी झाली आणि पुढे 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत राहिली. पहिल्यापासून तिच्यात धर्माचा रकाना होता. खुद्द इंग्लंड आणि वेल्समध्ये 1801 पासून जनगणना होत होती, पण तिथे माणसाला त्याचा धर्म विचारणारा रकाना 2001 साली प्रथम आला. 1851 साली तिथे प्रार्थनागृहांतली उपस्थिती तेवढी वेगळी मोजली गेली होती. आपल्या माणसांना जे विचारायचं टाळलं, ते इथे सहज विचारलं गेलं. राज्यकर्त्यांच्या मनात हिंदुस्थान हा धर्मांचाच देश होता. त्यांना तो तसा दिसत होता म्हणून त्यांनी रकाना केला, आणि रकाना केल्यावर तो तसाच दिसत राहिला.

रकाना भरायला बसल्यावर अडचण आली. 1881 साली पंजाबच्या मोजणीचे प्रमुख डेन्झिल इबेटसन होते. खेड्यापाड्यांत फिरलेला, जमीनमहसुलाचं काम केलेला हा अधिकारी लोकांना जवळून ओळखत होता. गुगा पीराला नवस बोलणारे हिंदू आणि लग्नाला ब्राह्मण बोलावणारे मुसलमान त्यांना ठाऊक होते. अशा प्रांतात ‘हिंदू कोण’ याची व्याख्या जमेना, तेव्हा त्यांनी सरळ मार्ग काढला. ज्याला आपला धर्म सांगता आला नाही, किंवा ज्याने कुठल्याही मान्य धर्माचं वा त्यातल्या पंथाचं नाव घेतलं नाही, तो हिंदू धरला. म्हणजे बाकी सगळे वेगळे काढल्यावर जे उरले ते हिंदू. पुढे साऱ्या राजकारणाने ज्या आकड्याला बहुसंख्या म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या बुडाशी उरलेल्यांची ही बेरीजही होती.

मला मात्र इथे मुंबई इलाख्याची गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या घरची आहे आणि फारशी सांगितली जात नाही. गुजरात तेव्हा या इलाख्यात होता. अहमदाबादजवळ पिराणा नावाचं गाव आहे. तिथे इमामशाह या पीराचा दर्गा आहे आणि त्यांच्यापासून चाललेल्या सतपंथाची गादी आहे. या पंथाला मानणारे मतिया कुणबी मुख्य विधींना ब्राह्मण बोलावत, पिराण्याच्या पीरांना गुरू मानत आणि मृतांना पुरत. शेखडा नावाच्या समाजात लग्नाला हिंदू पुरोहितही असे आणि मुसलमान पुरोहितही. मोमना सुंता करत, दफन करत, गुजराती कुराण वाचत, पण बाकीच्या रीतिभाती हिंदूंसारख्या पाळत. हा पंथ आपल्या खानदेशातही आहे. फैजपूरला सतपंथाचं मंदिर आहे आणि लेवा पाटीदार समाजात त्याचे अनुयायी आहेत. या लोकांना आपण दोन धर्मांच्या मधे उभे आहोत असं वाटत असेल, असं मला वाटत नाही. मधे असण्यासाठी आधी दोन बाजू असाव्या लागतात. ते आपल्या पंथात होते, आणि त्यांच्या लेखी पंथ पुरेसा होता.

10 मार्च 1911 च्या रात्रीची मोजणी झाली तेव्हा इलाख्याचं काम मीड आणि मॅकग्रेगर या अधिकाऱ्यांकडे होतं. त्यांच्यासमोर असे सुमारे 35 हजार लोक आले, ज्यांना इकडे किंवा तिकडे टाकणं खोटं ठरलं असतं. त्यांनी या लोकांसाठी ‘हिंदू-मुसलमान’ असा वेगळाच वर्ग केला. एखादी नोंद वास्तवाशी जुळत नसेल तर वास्तव न मोडता नोंदीची पद्धत बदलायची, हे त्यांनी केलं. ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते.

हिंदुस्थानचे जनगणना आयुक्त एडवर्ड गेट यांना हे पसंत पडलं नाही. अशा लोकांबाबत अधिकाऱ्याने स्वतः निर्णय घेऊन त्यांना एका किंवा दुसऱ्या धर्मात घालायला हवं होतं, असा ठपका त्यांनी ठेवला. खेदाची गोष्ट ही की, गेट अजाण नव्हते. मतिया कुणबी, शेखडा आणि मोमना यांची वर सांगितलेली माहिती त्यांच्याच देशभराच्या अहवालात आहे. धर्मांच्या सीमा ठिकठिकाणी धूसर आहेत हे त्यांनी स्वतः लिहिलं, आणि तक्ता मात्र धूसर ठेवू दिला नाही.

असं का, हे समजायला आकडेवारीच्या कचेरीत डोकावायला हवं. 1901 पासून मोजणीच्या कागदांवरची माहिती माणसागणिक एकेका छोट्या चिठ्ठीवर उतरवून घेत. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे, छापील खुणेवरून स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित हे कळे. मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे आणि मोजायचे. कोट्यवधी माणसांची वर्गवारी हाताने करायची तर ही युक्ती फारच सोयीची होती. पण चिठ्ठी उचलण्याआधी तिचा रंग ठरवावा लागे, आणि एका चिठ्ठीला एकच रंग असे. वय, भाषा, धंदा, सगळं त्यानंतर. शेखड्याच्या लग्नात दोन पुरोहित शेजारी शेजारी बसू शकत होते. कचेरीत त्या नवऱ्यामुलाची चिठ्ठी दोन गठ्ठ्यांत ठेवता येत नव्हती.

दुसरं कारण कचेरीबाहेर होतं. 1 ऑक्टोबर 1906 ला आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुसलमान पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोंना भेटलं. त्यांच्या निवेदनाच्या सुरुवातीलाच जनगणना होती. आमची संख्या सहा कोटी वीस लाखांच्या वर आहे, आणि हिंदूंमध्ये सरसकट धरले जाणारे पण खरे हिंदू नसलेले वर्ग वजा केले तर आमचं प्रमाण आणखी वाढेल, असा तो युक्तिवाद होता. 1909 च्या कायद्याने विभक्त मतदारसंघ आले. ज्या आकड्याला आजवर अहवालाच्या पानावर जागा होती, त्याला आता कायदेमंडळात जागा मिळाली. अशा वेळी 35 हजार माणसं कुठल्याच बाजूला नसणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

1911 च्या मोजणीपूर्वी गेट यांनी एक परिपत्रकही काढलं होतं. हिंदूंमध्ये धरल्या जाणाऱ्या जातींपैकी कोणाला ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मान्य नाही, कोण वेद मानत नाही, कोणाला देवळाच्या गाभाऱ्यात जाऊ देत नाहीत, कोणाच्या स्पर्शाने विटाळ मानतात, अशा दहा कसोट्या लावून माहिती मागवली होती. पुढे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेताना 1948 च्या आपल्या ग्रंथात याच कसोट्यांचा आधार घेतला. त्या वेळी मात्र या परिपत्रकाने सवर्ण हिंदू पुढारी हादरले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीवर थांबवलं, ते हिशेबातून गेले तर बेरीज किती कमी होईल हे त्यांना एकदम दिसलं. अस्पृश्यांना आपलं म्हणण्याची निकड अनेकांना तेव्हा वाटली. त्या कळवळ्यात न्यायबुद्धी किती आणि संख्येची धास्ती किती, हे त्यानंतरची वर्षानुवर्षे बंद राहिलेली देवळं सांगतात.

यानंतर रकान्याने लोकांना उत्तर द्यायला शिकवलं. मोजणी जवळ आली की धर्मसभांचे कार्यकर्ते घरोघर जाऊन काय लिहायचं ते सांगू लागले. पंजाबात शीख कोणाला म्हणायचं याचा नियमच बदलत गेला. आधी केस न कापणारा आणि तंबाखू न ओढणारा तो शीख असा दंडक होता, 1911 साली जो स्वतःला शीख म्हणेल तो शीख असं ठरलं. दहा वर्षांत तिथली शिखांची संख्या सुमारे 21 लाखांवरून 28 लाखांच्या वर गेली. एवढी वाढ जन्मांनी होत नसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शुद्धीवाले आणि तबलीगवाले ज्या समाजांत हिरिरीने शिरले, ते मलकाना, मेव, मोलेसलाम हे नेमके चिठ्ठीचा रंग चटकन न ठरणारे समाज होते.

जनगणनेनेच वैर पेरलं असं मी म्हणणार नाही. 1893 चा मुंबईचा दंगा गोरक्षणाच्या आणि मिरवणुकांच्या तापलेल्या हवेत पेटला होता, चिठ्ठ्यांचे गठ्ठे तेव्हा निघालेही नव्हते. धर्माची जाणीव, द्वेष, सलोखा हे सगळं मोजणीच्या आधीचं आहे. मोजणीने एक गोष्ट केली: गावात, पंथात, पीराच्या उरुसात विखुरलेल्या माणसांना दोन प्रचंड गटांचे सभासद केलं, आणि दर दहा वर्षांनी कोण पुढे गेलं ते जाहीर करण्याची सोय केली. शेजाऱ्याशी भांडण मिटतं. तक्त्यातल्या टक्क्याशी भांडण मिटत नाही, कारण तो टक्का कधी बांधावर भेटत नाही.

1941 साली हे वळण पूर्ण झालं. त्या वर्षीच्या तक्त्यांत ‘धर्म’ हा शब्द जाऊन ‘जमात’ हा शब्द आला. माणूस काय मानतो यापेक्षा तो कुणाचा, याला महत्त्व आलं. सहा वर्षांनी रॅडक्लिफ यांच्या आयोगाने फाळणीची रेघ आखताना याच मोजणीचे आकडे समोर ठेवले. गुरुदासपूर जिल्ह्यात मुसलमानांचं प्रमाण 51 टक्क्यांच्या आसपास होतं. तिथल्या माणसांचं घर कुठल्या देशात जाणार, हा वाद त्या एका टक्क्याभोवती फिरत राहिला.

याच रकान्याची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. 1951 च्या मोजणीत महाराष्ट्रात बौद्ध नावापुरतेच होते, 1961 साली ते सुमारे 28 लाख झाले. दुसऱ्यांनी लादलेलं नाव पुसून स्वतः निवडलेलं नाव लाखो लोकांनी त्याच कागदावर लिहिलं. तिथे रकाना माणसाच्या हातात आला. मतिया कुणब्यांच्या बाबतीत तो अधिकाऱ्याच्या हातात होता.

2011 च्या जनगणनेच्या अर्जात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन यांना एक ते सहा असे अंक होते. याहून वेगळं काही असेल तर धर्माचं पूर्ण नाव लिहायचं होतं. दोन अंक लिहायची सोय नव्हती. पिराण्याचं ते स्थान हिंदूंचं की मुसलमानांचं, हा वाद अलीकडच्या वर्षांत गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.