संवादातली बोली : किती लिहावी, कुठे थांबावं

अकोला जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तोंडी कथेत एक साधं वाक्य घालायचं आहे. बाप अंगणात उभ्या असलेल्या मुलाला सांगतो आहे. प्रमाण मराठीत ते असं होईल : “तू तिथे का उभा आहेस? आत ये. आईला सांग, व्यापारी आला आहे, पण तो आज पैसे देत नाही.” हे वाक्य वऱ्हाडीत लिहायला बसलं की लेखकापुढे निदान तीन वाटा असतात. त्यांतल्या दोन चुकतात, आणि त्या का चुकतात हे पाहिलं की संवादातल्या बोलीचं बरंचसं कोडं उलगडतं.

पहिली वाट जसं ऐकू येतं तसं सगळं उतरवण्याची. “तू थ्या जागी काऊन हुबा हायेस रे? अंदर ये. मायले सांग, यापारी आला हाये, पन थो आज पयसे दिऊन नाई राह्यला.” यातला प्रत्येक उच्चार कुठे ना कुठे ऐकायला मिळतो, तरीही वाचताना डोळा प्रत्येक शब्दावर अडतो. पैसे मिळणार नाहीत ही बातमी त्या वाक्याचा जीव आहे. पण ती वाचकापर्यंत पोचण्याआधी त्याचं लक्ष ‘यापारी’ आणि ‘पयसे’ जुळवण्यात खर्च होतं.

दुसरी वाट मसाल्याची. “तू तिथे का उभा आहेस बे? आत ये ना बाप्पा. आईला सांग, व्यापारी आला आहे, पण तो आज पैसे देत नाही लेका.” हे वाचायला सोपं आहे, पण खोटं आहे. वाक्य पुण्याचंच राहिलं आणि त्याच्या टोकांना तीन वऱ्हाडी शब्द टाचले गेले. मालिका आणि सिनेमांत ‘विदर्भातला माणूस’ बहुतेक असाच बोलतो. अमरावतीचा किंवा यवतमाळचा वाचक पहिल्याच ओळीत ओळखतो, की हा लेखक आमचे उद्गार ऐकून गेला आहे, आमची वाक्यं त्यानं ऐकलेली नाहीत.

तिसरी वाट अशी : “तू तिथं काहून उभा आहे? अंदर ये. मायले सांग, व्यापारी आला, पण आज पैसे देऊन नाही राह्यला.” इथे ‘व्यापारी’, ‘पैसे’, ‘पण’ यांना हात लावलेला नाही. बदल झाला आहे तो वाक्याच्या सांध्यांत. ‘आईला’चं ‘मायले’ झालं, ‘का’चं ‘काहून’ झालं, ‘उभा आहेस’मधला शेवटचा ‘स’ गेला आणि ‘देत नाही’च्या जागी ‘देऊन नाही राह्यला’ आलं. ‘अंदर’ राहिला, कारण हा भाग 1956 पर्यंत हिंदी मुलखाबरोबर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या घरात तो शब्द रोजचा आहे. एवढ्या मोजक्या बदलांनी वाक्य पुरतं वऱ्हाडी झालं, आणि कोल्हापूरच्या वाचकालाही ते एका दमात वाचता येतं.

माझं म्हणणं थोडक्यात हेच आहे. बोलीची ओळख सर्वांत पक्की असते ती विभक्तीत, क्रियापदात आणि वाक्याच्या चालीत. उच्चारात ती असतेच, पण कागदावर उच्चार सर्वांत महाग पडतो आणि बदल्यात सर्वांत कमी देतो. चालू काळाचं एकच उदाहरण घ्या. ‘तू काय करतो आहेस?’ हे नागपूर-अमरावतीकडे ‘काय करून राह्यला?’ होतं, मराठवाड्यात ‘काय करायलास?’ होतं आणि मालवणीत ‘काय करतंस?’ होतं. एका क्रियापदावरून वाचक कुठल्या मुलखात आला ते कळतं. याउलट ‘पाणी’चं ‘पानी’ केल्यानं काय कळतं? ‘ण’चा ‘न’ माणदेशात होतो, वऱ्हाडात होतो, खानदेशातही होतो. त्या खुणेतून एवढंच कळतं की बोलणारा प्रमाण मराठी बोलत नाही. तो कुठला, हे कळत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आपल्या बोलीच्या खुणा दोन गटांत वाटून घ्याव्यात : फक्त इथेच आढळणाऱ्या आणि सगळीकडे आढळणाऱ्या. पहिल्या गटातल्या चार-पाच निवडून त्या शेवटपर्यंत पाळाव्यात. दुसऱ्या गटातल्या बहुतेक सोडून द्याव्यात.

उच्चार सोडून देण्यामागे आणखी एक कारण आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा ‘डोया’, शाळा ‘शाया’, काळा ‘काया’. कानाला हे गोड लागतं. कागदावर मात्र ‘काया’ म्हणजे शरीर, आणि ‘माळा’चं ‘माया’ केलं की प्रेमाशी गल्लत होते. त्यात ‘माझ्या’चं ‘माह्या’ही कुठे कुठे ‘माया’ असंच उच्चारलं जातं. बोलणाऱ्याचा सूर आणि समोरचं दृश्य यांमुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. वाचकापाशी यांतलं काही नसतं. अशा वेळी एक तर ‘डोया’सारखा, दुसरा अर्थ न निघणारा शब्द निवडावा, नाहीतर ‘ळ’ जसाचा तसा ठेवावा. तिकडचा वाचक तो आपोआप ‘य’ करूनच वाचतो. देवनागरी प्रमाण मराठीचे उच्चारही पुरते दाखवत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा आहे, पण लिहिताना तो एकच असतो आणि कुणाचं काही अडत नाही. पुण्याच्या पात्राला जी सवलत आपण न मागता देतो, ती अकोल्याच्या पात्रालाही मिळायला हवी.

याच ठिकाणी थट्टा सुरू होते, अनेकदा लेखकाच्या नकळत. खेडुताच्या तोंडी ‘मी’ऐवजी ‘मि’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पाणि’ लिहिलेलं आढळतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार ऱ्हस्व लिहा की दीर्घ, तोंडातून निघतो तो एकच. म्हणजे या बदलानं बोली रतीभरही दिसत नाही. दिसतं एवढंच, की लेखक आपल्या पात्राला अशुद्ध लिहायला लावतो आहे. ते पात्र तर लिहीतच नाही, बोलतं आहे, आणि बोलण्याला शुद्धलेखन नसतं. कानाला न कळणारा कोणताही बदल संवादातून काढून टाकावा, हा नियम अपवादाशिवाय पाळावा असं मी मानतो.

काही खुणा मात्र वाचकाला चुकल्यासारख्या वाटल्या तरी ठेवायलाच हव्यात. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी आलो’ असं म्हणतात. बाहेरच्या वाचकाला ती छापायची चूक वाटते. म्हणून ते रूप ‘येते’ करून टाकलं, तर त्या बाईचा आवाजच गेला. इथे क्रम उपयोगी पडतो. बोलणारी बाई आहे हे निःसंशय असताना, कथेच्या सुरुवातीलाच, हे रूप एका छोट्या वाक्यात यावं आणि लगेच दुसऱ्या बाईच्या तोंडीही यावं. दोनदा दिसलं की वाचक ती तिथली रीत म्हणून मान्य करतो आणि पुढे अडखळत नाही. अनोळखी शब्दांचंही तसंच आहे. ‘डवरा’ हा शब्द आला म्हणून कंसात अर्थ देऊ नये. एकानं म्हणावं, “उद्या डवऱ्याले बैल पाहिजे,” आणि दुसऱ्यानं विचारावं, “काहून, गवत लय झालं काय?” पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार आहे एवढं उत्तरातूनच उमगतं, आणि दोन शेतकरी एकमेकांना व्याख्या सांगत बसले असंही होत नाही.

नव्या पोरांच्या बोलण्यातले, नाक्यावरचे शब्द वापरताना वेगळी काळजी घ्यावी लागते. बोलीला मुलूख असतो, तसं या शब्दांना वय आणि नातं असतं. ‘बे’ हा नागपूरकडे बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी आहे. पोरगा तो मित्राला म्हणेल, काकाला म्हणणार नाही. काकाशी बोलताना वाक्याच्या शेवटी ‘जी’ येईल. हा शब्द कोण कुणाला म्हणू शकतं, हे माहीत नसेल तर तो वापरू नये. शिवाय कॉलेजातले शब्द लवकर शिळे होतात. कथा ज्या वर्षात घडते त्या वर्षाचेच घ्यावेत, आणि तेही थोडे.

कुठलाही माणूस दिवसभर एकाच पट्टीत बोलत नाही, हे सांभाळलं तर संवाद खरोखर जिवंत होतो. आपला अकोल्याचा शेतकरी बँकेत गेला आहे. साहेबांसमोर तो जपून बोलतो : “साहेब, मला मागच्या महिन्यात या म्हणून सांगितलं होतं.” साहेब फाइलमधून मान वर न काढता पुढच्या सोमवारी यायला सांगतात. मग तो म्हणतो : “मले काहून चकरा मारायले लावता?” ‘मला’चं ‘मले’ झालं, तिथे त्याचा संयम सुटला. ‘तो चिडला’ असं वेगळं लिहायची गरज उरत नाही. पण ही किमया साधते ती आधी शिस्त पाळली असेल तरच. पहिल्या पानापासून ‘मला’ आणि ‘मले’ हवे तसे मिसळले असतील, तर बँकेतला बदल कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून कथेबरोबर एका कागदावर पात्रवार रूपांची यादी करावी आणि ती मुद्रितशोधकाकडेही द्यावी. नाहीतर तो चांगल्या हेतूनं निम्मे ‘मले’ ‘मला’ करून टाकतो आणि उरलेले निम्मे चुकांसारखे दिसू लागतात.

बँकेतल्या साहेबांच्या बोलण्याकडेही तितकंच लक्ष द्यावं लागतं. ते पुण्याचे असतील तर ‘करतोयस’, ‘नाहीये’, ‘जाऊयात’ ही त्यांच्या बोलण्यातली रूपं आहेत. ती लिहायला हवीत. साहेब पुस्तकी मराठी बोलतात आणि एकटा शेतकरीच ‘बोली’ बोलतो असं झालं, की एकाच्या तोंडी भाषा आणि दुसऱ्याच्या तोंडी विकृती अशी मांडणी होते. निवेदन आणि संवाद यांच्यातही हीच दरी पडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं माणदेशी बोलतात. तिथे ते शोभतं, कारण गोष्ट सांगणारा शिकलेला तरुण मास्तर बाहेरून त्या वाडीत आलेला आहे. दोन भाषांतलं अंतर हाच त्याचा अनुभव आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) सांगणारा नारबा शेतावरचाच गडी आहे, म्हणून निवेदनही त्याच्या बोलीत आहे. दोन्ही निर्णय सांगणारा कोण, या एकाच प्रश्नातून निघाले. ज्या कथेत निवेदक गावातलाच असूनही प्रमाण भाषेत सांगतो, तिथे तो आपल्याच माणसांकडे वरून पाहू लागतो. लेखकाला ते हवं आहे का, हे आधी ठरवावं लागतं.

लिहून झाल्यावर दोन तपासण्या कराव्यात. पहिली, संवाद त्या भागातल्या माणसाला मोठ्यानं वाचायला द्यावा. त्याच्या मताआधी त्याच्या जिभेकडे लक्ष द्यावं. जिथे तो लिहिलेलं सोडून नकळत दुसरंच रूप उच्चारतो, तिथे आपली चूक आहे. दुसरी तपासणी विनोदी प्रसंगांसाठी. ज्या वाक्यावर हसू येतं ते प्रमाण मराठीत लिहून पाहावं. तरीही हसू आलं, तर माणूस विनोदी बोलला. हसू नाहीसं झालं, तर विनोद त्याच्या बोलण्यात नव्हता. आपण वाचकाला त्याच्या बोलीवर हसवत होतो. असं वाक्य कितीही टाळ्या मिळवत असलं, तरी ते काढून टाकावं आणि त्या माणसाला बोलायला काहीतरी खरं द्यावं.