हिबा : शब्द, स्वीकार आणि ताबा

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी आपली कन्या हजरत आयशा (रजि.) यांना गाबा येथील मालमत्तेतून वीस वसक खजूर देऊ केले होते. खजूर उतरवून ताब्यात घेण्यापूर्वीच अबू बक्र (रजि.) मृत्युशय्येला खिळले. त्यांनी लाडक्या लेकीला स्पष्ट सांगितले की तू ते उतरवून घेतले असतेस तर ते तुझे झाले असते. आता ती वारसांची मालमत्ता आहे, तुझे भाऊ आणि बहिणी तिच्यात वाटेकरी आहेत. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त हा प्रसंग नोंदलेला आहे. देणारा खलीफा, घेणारी उम्मुल मोमिनीन, आणि देण्याच्या इच्छेविषयी कोणालाच शंका नाही. तरीही ताबा दिला गेला नव्हता, म्हणून हिबा पूर्ण झाला नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे हिब्याविषयीचे बहुतेक तंटे नेमके येथेच उभे राहतात. हनफी फिकहनुसार हिब्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याची स्पष्ट घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि वस्तूचा ताबा. देशाच्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 123 प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या बक्षीसपत्राला नोंदणी आणि दोन साक्षीदार लागतात. परंतु कलम 129 ने मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील हिब्याला त्यातून वगळले आहे. हिबा लेखी असला, तरी केवळ नोंदणी नाही म्हणून तो रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. याची दुसरी बाजू मात्र लोक विसरतात. नोंदणी केली म्हणून ताब्याची उणीव भरून निघत नाही.

समजा, एका गृहस्थांनी आपले घर एकुलत्या मुलाला हिबा केल्याचे स्टँप पेपरवर लिहून दिले. दोन खोल्यांत भाडेकरू होते. भाडे मात्र अखेरपर्यंत वडीलच घेत राहिले, घरपट्टीही त्यांच्याच नावे राहिली, कागद कपाटात राहिला. वडील वारले. मागे पत्नी, हा मुलगा आणि दोन मुली. अशा वेळी हिबा टिकणे अवघड. मग घर वारशाने वाटले जाईल. पत्नीला एक अष्टमांश, म्हणजे 32 पैकी 4 भाग. उरलेल्या 28 भागांतून मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7. हेच वडिलांनी भाडेकरूंना यापुढे भाडे मुलाला द्या असे सांगून तसे घडवून आणले असते, तर ताबा दिला गेला असे मानले गेले असते. वडिलांनी स्वतः घर सोडलेच पाहिजे, असे दर वेळी नसते; मालकी सोडल्याची उघड कृती मात्र दिसली पाहिजे. मुलगा अज्ञान असेल तर वडीलच त्याचे पालक असल्याने त्यांची प्रामाणिक घोषणा पुरते.

मुलींना वगळून मुलाला देणे हा प्रश्न निराळा. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच अपत्याला देणगी दिली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सर्व अपत्यांना तसेच दिलेस काय असे विचारले, आणि नकार मिळताच साक्षीदार होण्यास नकार दिला. कायद्याने टिकणारा हिबाही या प्रश्नातून सुटत नाही. आणि मरणाच्या आजारात केलेला हिबा तर मृत्युपत्राच्या मर्यादेत येतो : एक तृतीयांशाहून अधिक नाही, आणि वारसाला इतर वारसांच्या संमतीशिवाय नाही.

आता एक फसवे वळण. पती महरची थकबाकी फेडण्यासाठी पत्नीला तोंडी जमीन देतो आणि दोघेही त्याला हिबा म्हणतात. येथे मोबदला आहे, म्हणून कायदा त्याला विक्री समजतो. आणि कलम 54 प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणीकृत खरेदीखत अनिवार्य आहे. पत्नीच्या हाती ताबा असूनही तिची मालकी सिद्ध होत नाही, आणि तिचा महर पुन्हा वारसांकडे मागावा लागतो. महरपोटी जमीन द्यायची असेल, तर दुय्यम निबंधकाकडे खरेदीखतच करावे. साठेखत पुरत नाही. ते केवळ पुढे विकण्याचे वचन असते.

गहाण वेगळे. तेथे मालकी ऋणकोकडेच राहते, धनकोला फक्त हक्काची तारण मिळते. दिव्य कुरआनने सूरह अल्-बकरहमध्ये कर्ज लिहून ठेवण्यास, आणि प्रवासात लेखक न मिळाल्यास ताब्यातले तारण घेण्यास सांगितले आहे. कलम 59 प्रमाणे शंभर रुपये वा अधिक रकमेच्या गहाणखतावर ऋणकोची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते. मूळ दस्त जमा करून होणारे गहाण याला अपवाद. आपल्या खेड्यांतील ताबेगहाण मात्र तपासून पाहावे. धनको शेत कसतो, पीक नेतो, मुद्दल तसेच उभे राहते. कर्जावरचा असा लाभ बहुसंख्य फकीहांनी रिबा ठरवला आहे, मग त्या कागदावर व्याज हा शब्द असो वा नसो. पिकाची किंमत दरवर्षी मुद्दलातून वजा होईल अशी अट गहाणखतातच लिहावी.