बिल्ला रॅलेचा

एका तरुणाच्या पडवीत आजोबांची काळी सायकल उभी होती. पुढच्या नळीवर रॅलेचा बिल्ला होता. जुन्या विलायती रॅलेचे लोक पंचवीस हजार मागतात, हे त्याने जाहिरातींत पाहिले होते. विकण्याआधी खात्री करावी म्हणून त्याने फोटो काढले आणि तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना पाठवले.

मिस्त्रींचा फोन आला. "बिल्ला राहू दे बाळा. चेनच्या बाजूने अख्खी सायकल दिसू दे. मग पुढचा चिमटा आणि मागचा हब जवळून घे. आणि रंग लावू नकोस. मूळ रंग कितीही उडालेला असला तरी जाणकार त्याचेच पैसे देतो."

दुसरे फोटो गेले. मिस्त्रींनी ते मोठे करून निवांत पाहिले. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कापलेली असतात. इथे पाच माणसांच्या आकृत्या होत्या. चिमट्याच्या प्रत्येक पायात एक नळी असते. इथे दोन-दोन बारीक नळ्या होत्या. बिल्ल्याचे स्क्रू तेवढे चकचकीत होते.

"ही हंबर आहे," मिस्त्री म्हणाले. "१९३२ मध्ये रॅलेने हंबर विकत घेतली. म्हणून रॅलेचा बिल्ला हिच्यावर विजोड दिसत नाही. नुसते चेनव्हील असते तर कुणी बदलले म्हटले असते. पण सोबत असा दुहेरी चिमटा आहे, तेव्हा शंका नको. विलायती की आपल्याकडची, हे मात्र मी फोटोवरून सांगणार नाही. म्हणून भाव आपल्याकडचाच धरू."

तरुण हिरमुसला. मिस्त्री पुढे म्हणाले, "दांडीवर वायर फिरवायची छोटी चकती आहे बघ. म्हणजे हिला तीन गिअर होते. आता मागे साधा हब आहे, चाक बदललेले. जाहिरातीतला आकडा सोडून दे, तो मागणाऱ्याचा. अशीच धड सायकल परवा माझ्यासमोर नऊ हजारांना गेली. गिअरच्या चाकाचे तीन वजा कर."

गिऱ्हाईक आले, तेव्हा ते बिल्ल्याकडे पाहूनच खूश झाले होते. क्षणभर तरुणाच्या मनात आले, गप्प बसावे. नाव वरून लावता येते आणि काढताही येते. घडण तशी बदलत नाही, आणि ती पाहणारा कधी ना कधी भेटतोच. तरुणाने स्वतःच चिमट्यावर बोट ठेवले, चाकाचेही सांगितले.

गिऱ्हाइकाने खाली बसून चेनव्हील फिरवले आणि पाचही माणसे मोजली. मग घासाघीस झाली. सायकल साडेपाच हजारांना गेली, आणि बिल्ला काढून त्याने तरुणाच्या हातात परत दिला.